एकाच घरात दोन पिढ्या

‘गेम ऑफ लाइफ’ हा चौकोनी घरांच्या पटावर चालणारा खेळ केंब्रिजचे गणितज्ञ जॉन हॉर्टन कॉनवे यांनी रचला. मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्याविषयी लिहिले आणि तो सर्वत्र पोहोचला. या खेळात खेळाडूने करायचे काम एकच, सुरुवातीची मांडणी करणे. पटावरचे प्रत्येक घर एक तर जिवंत असते किंवा मृत, आणि पहिली मांडणी ठरली की पुढची प्रत्येक पिढी नियमांवरून आपोआप ठरत जाते.

नियम थोडे आहेत. प्रत्येक घराला बाजूचे, वरखालचे आणि तिरके असे आठ शेजारी असतात. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील, तर ते पुढच्या पिढीतही जगते. शेजारी याहून कमी असले तर ते एकटे पडून मरते, जास्त असले तर गर्दीने मरते. मृत घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील, तर तिथे जन्म होतो. एरवी मृत घर मृतच राहते.

या नियमांमध्ये एक अट गृहीत धरलेली आहे आणि सगळी अडचण तिच्यातूनच निर्माण होते. पटावरचे सर्व बदल एकाच क्षणी व्हायला हवेत. प्रत्येक घराचा निर्णय जुन्या पिढीतले शेजारी पाहून घ्यायचा असतो. शेजारच्या घरात या पिढीत जन्म होणार असला, तरी तो मोजणीत धरायचा नाही, आणि शेजारचे घर मरणार असले, तरी या मोजणीपुरते ते जिवंतच. पण संगणकाचा साधा प्रोग्रॅम घरे एकामागून एक तपासतो. पहिल्या घराचे नवे मूल्य त्याच जागी लिहिले, की दुसऱ्या घराला आपल्या शेजाऱ्याची जुनी स्थिती कळण्याचा मार्गच उरत नाही.

याचा परिणाम किती लवकर दिसतो, हे तीन बाय तीनच्या पटावरही कळते. पटाबाहेर सगळे मृत आहे असे समजू. मधल्या ओळीतली तिन्ही घरे जिवंत आहेत. या आकृतीला ब्लिंकर म्हणतात. ती दर पिढीला आडवीची उभी आणि उभीची आडवी होते. १ म्हणजे जिवंत आणि ० म्हणजे मृत असे धरले, तर सुरुवात डावीकडे आणि अपेक्षित उत्तर उजवीकडे असे दिसते:

```
0 0 0      0 1 0
1 1 1      0 1 0
0 0 0      0 1 0
```

आता प्रोग्रॅम वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीओळीने निघतो आणि निर्णय झाला की लगेच नवे मूल्य लिहितो, असे समजा. पहिल्या घराला दोन जिवंत शेजारी आहेत, म्हणून ते मृत राहते. वरच्या ओळीतल्या मधल्या घराला तीन आहेत, तिथे जन्म होतो आणि १ लिहिला जातो. इथपर्यंत सगळे बरोबर आहे. पुढचे घर वरच्या उजव्या कोपऱ्यातले. त्याला जुन्या पिढीतले दोनच जिवंत शेजारी आहेत, पण डावीकडे नुकताच लिहिलेला १ तिसरा म्हणून मोजला जातो आणि जिथे जन्म व्हायला नको तिथे तो होतो. मधल्या ओळीचे पहिले घर एकटे पडून मरायला हवे होते, पण त्यालाही वरचा नवा शेजारी मिळतो आणि ते वाचते. मधोमधच्या घराभोवती आता चार जिवंत दिसतात, म्हणून जगायला हवे ते मरते. पट संपेपर्यंत असे चित्र तयार होते:

```
0 1 1
1 0 1
0 0 0
```

या चित्रात चुकीची खूणही दिसते. सुरुवातीची मांडणी डावीउजवीकडे सारखी होती. नियम कोणत्याही दिशेला झुकते माप देत नाहीत, म्हणून उत्तरही तसेच सममित यायला हवे होते. उत्तर एका बाजूला कललेले असेल, तर घरे तपासण्याचा क्रम निकालात शिरला आहे, हे निश्चित समजावे.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे दोन पट ठेवणे. एकावरून जुने वाचायचे आणि दुसऱ्यावर नवे लिहायचे. पण एकाच पटावर, जागच्या जागी काम भागवण्याची युक्तीही खेळाच्या जन्मापासूनच उपलब्ध होती. कॉनवे आणि त्यांचे सहकारी हा खेळ सुरुवातीला हाताने, सोंगट्या मांडून खेळत असत. गार्डनर यांनी आपल्या लेखात हाताने खेळण्याची जी रीत दिली, ती अशी: जिवंत घरांवर काळ्या सोंगट्या असतात. जी मरणार, तिच्यावर दुसरी काळी सोंगटी चढवायची. ज्या रिकाम्या घरात जन्म होणार, तिथे पांढरी सोंगटी ठेवायची. सगळा पट पुन्हा एकदा नीट तपासायचा, आणि मगच दुहेरी सोंगट्या उचलायच्या व पांढऱ्यांच्या जागी काळ्या ठेवायच्या.

या रीतीत एकेका घराच्या चार अवस्था होतात. रिकामे घर म्हणजे आधी मृत, पुढेही मृत. एकटी काळी म्हणजे आधी जिवंत, पुढेही जिवंत. दुहेरी काळी म्हणजे आधी जिवंत, पुढे मृत. पांढरी म्हणजे आधी मृत, पुढे जिवंत. मोजणाऱ्याने काळी, मग ती एकेरी असो वा दुहेरी, एक जिवंत शेजारी म्हणून धरायची आणि पांढरीकडे दुर्लक्ष करायचे. त्यामुळे जुनी पिढी अर्ध्या कामातही पटावरून पुसली जात नाही. संगणकावर जे करायचे ते हेच, फक्त सोंगट्यांच्या जागी बिट येतात.

मृत की जिवंत एवढे सांगायला एक बिट पुरतो. पण प्रोग्रॅममध्ये घराचे मूल्य सहसा एका बाइटमध्ये, म्हणजे ८ बिटांत, किंवा ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलेले असते. ० किंवा १ लिहिताना त्यातला फक्त सर्वांत उजवीकडचा बिट कामाला येतो, बाकीचे मोकळे पडून असतात. त्या मोकळ्या बिटांपैकी उजवीकडून दुसरा बिट नव्या पिढीला द्यायचा. मग घरात चार मूल्ये येऊ शकतात. ० म्हणजे मृत आणि मृतच राहणारे, १ म्हणजे जिवंत पण मरणारे, २ म्हणजे मृत पण जन्म घेणारे, आणि ३ म्हणजे जिवंत आणि जिवंतच राहणारे. जुनी स्थिती हवी असेल तर मूल्याचा उजवा बिट पाहायचा, म्हणजे `& 1` करायचे. सगळा पट पाहून झाला की प्रत्येक मूल्य एक बिट उजवीकडे सरकवायचे, म्हणजे `>> 1`. जुना बिट गळून पडतो आणि नवा त्याच्या जागी येतो.

पायथनमध्ये ही सगळी कृती एवढीच आहे. `g` हा पट, त्यात `m` ओळी आणि `n` स्तंभ आहेत:

```python
for r in range(m):
    for c in range(n):
        live = 0
        for i in range(max(0, r-1), min(m, r+2)):
            for j in range(max(0, c-1), min(n, c+2)):
                live += g[i][j] & 1
        live -= g[r][c] & 1
        if live == 3 or (live == 2 and g[r][c] & 1):
            g[r][c] |= 2

for r in range(m):
    for c in range(n):
        g[r][c] >>= 1
```

आतल्या दोन फेऱ्या घरासकट नऊ जागा मोजतात, म्हणून नंतर घराचा स्वतःचा बिट वजा केला आहे. `max` आणि `min` यांच्यामुळे मोजणी पटाच्या कडेबाहेर जात नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मरणाऱ्या घरासाठी काहीच लिहावे लागत नाही. दुसरा बिट मुळात ० असतो, आणि ० म्हणजेच पुढच्या पिढीत मृत. फक्त जगणाऱ्या आणि जन्मणाऱ्या घरांत तो बिट चढवावा लागतो.

तोच ब्लिंकर आता या पद्धतीने पाहू. वरच्या डाव्या कोपऱ्यात काही बदलत नाही. त्याच्या शेजारच्या घरात जन्म ठरतो, म्हणून ० चे २ होतात. वरच्या उजव्या कोपऱ्यावर मघाशी चूक झाली होती. आता डावीकडचे २ पाहिले, तरी त्यांचा उजवा बिट ० आहे, म्हणून मोजणी दोनच येते आणि कोपरा मृत राहतो. मधल्या ओळीच्या पहिल्या घराला मधोमधचा एकच जिवंत शेजारी सापडतो. ते मरणार, म्हणून त्याचा १ तसाच राहतो. मधोमधच्या घराला डावा आणि उजवा असे दोन शेजारी आहेत. ते जगणार, म्हणून १ चे ३ होतात. त्या ओळीचे शेवटचे घर डावीकडे ३ पाहते, त्याचा उजवा बिट १ आहे, म्हणजे एक शेजारी, म्हणून तेही मरणार. खालच्या ओळीतल्या मधल्या घराच्या डोक्यावर १, ३, १ अशी मूल्ये आहेत. तिन्हींचे उजवे बिट १ आहेत, म्हणून तिथे जन्म ठरतो. पहिली फेरी संपल्यावरचा पट डावीकडे आणि एक बिट सरकवल्यानंतरचा उजवीकडे:

```
0 2 0      0 1 0
1 3 1      0 1 0
0 2 0      0 1 0
```

डावीकडच्या चित्रात दोन्ही पिढ्या एकदम वाचता येतात. विषम आकडे जोडले की जुना आडवा ब्लिंकर दिसतो, २ आणि ३ जोडले की नवा उभा. या पद्धतीचे मर्म इथेच आहे. पहिल्या फेरीत कोणत्याही घराचा उजवा बिट कधीच बदलत नाही. त्यामुळे घरे कोणत्या क्रमाने तपासली याला महत्त्व राहत नाही. खालून वर गेले, स्तंभांनी गेले किंवा अगदी कशीही उड्या मारत गेले, तरी उत्तर तेच येते. कोणते घर तपासून झाले आणि कोणते व्हायचे आहे, याची वेगळी खूण ठेवण्याचीही गरज पडत नाही. पटावरचा १ हा मरणारा आहे की अजून न तपासलेला, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, पण शेजाऱ्यांना ते कळण्याची गरजच नसते. त्यांना फक्त जुनी स्थिती हवी असते आणि ती दोन्ही प्रसंगी ‘जिवंत’ हीच आहे.

प्रत्यक्षात चुका बहुधा मोजणीच्या ओळीत होतात. जिवंत शेजारी मोजताना मूल्य `== 1` आहे का असे विचारले, तर ३ मूल्याची घरे मोजणीतून गळतात. वरच्या उदाहरणात मग खालच्या मधल्या घराला तीनऐवजी दोनच शेजारी दिसतात, तिथला जन्म राहून जातो आणि ब्लिंकरची दोनच घरे उरतात. पुढच्या पिढीत तीही एकटी पडून मरतात. ही चूक फसवी आहे, कारण बाकी सगळी घरे बरोबर येतात. मधल्या ओळीच्या शेवटच्या घरालाही ३ दिसलेला नसतो, पण शेजारी एक असो वा शून्य, त्याचे मरण टळत नाही, म्हणून तिथे चूक झाकली जाते. उलट, `& 1` अजिबात न लावता मूल्यांची सरळ बेरीज केली, तर २ हा आकडा दोन जिवंत शेजाऱ्यांएवढा भरतो आणि मरायला हवीत ती घरे जगतात.

चूक शोधायला तीन आकृत्या बहुतेक वेळा पुरतात. पहिली ब्लॉक, म्हणजे दोन बाय दोनचा जिवंत चौकोन. त्यातल्या प्रत्येक घराला तीन शेजारी असतात, म्हणून तो जसाच्या तसा राहायला हवा. घराने स्वतःलाच शेजारी म्हणून मोजले, तर ही संख्या चार होते आणि ब्लॉक एका पिढीत नाहीसा होतो. दुसरी ब्लिंकर, जी दोन पिढ्यांनी मूळ रूपात यायला हवी. तिसरी पाच घरांची ग्लायडर, जी चार पिढ्यांनंतर तीच आकृती राखून तिरकी एक घर पुढे सरकते. याखेरीज एकच मांडणी आधी सुलट आणि मग उलट क्रमाने चालवून पाहावी. दोन उत्तरांत एका घराचा जरी फरक पडला, तरी नवी स्थिती कुठून तरी मोजणीत झिरपते आहे.

बिटांऐवजी वेगळे आकडेही वापरता येतात. मरणाऱ्या घरात −१ आणि जन्म घेणाऱ्या घरात २ लिहायचे, ही रीत बरीच चालते. तिथे आकड्याचे चिन्ह सोडून उरलेली किंमत १ असेल, तर घर आधी जिवंत होते. गार्डनर यांच्या सोंगट्यांशी ती अधिक जुळते, कारण जगणारे घर तिच्यात न बदलता १ च राहते. मात्र चिन्ह न साठवणाऱ्या बाइटमध्ये −१ लिहिला, तर तो २५५ होतो आणि तपासणी मुकाट्याने फसते. सी भाषेतला `char` काही यंत्रांवर चिन्हासकट असतो आणि काहींवर चिन्हाविना, त्यामुळे एका संगणकावर नीट चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर बिघडू शकतो. बिटांच्या रीतीला हा धोका नाही, आणि ती वाढवताही येते. ‘वायरवर्ल्ड’ या पटाच्या खेळात घराच्या चार अवस्था असतात. त्यांना दोन बिट लागतात, म्हणून जुन्यासाठी दोन आणि नव्यासाठी दोन असे चार बिट घ्यायचे, वाचताना `& 3` करायचे आणि शेवटी दोन बिट सरकवायचे. एका बाइटमध्ये याच हिशेबाने १६ अवस्थांपर्यंत मजल जाते.

आता या बचतीचा हिशेब नीट पाहायला हवा, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. हजार बाय हजारच्या पटात १० लाख घरे असतात. प्रत्येकी एक बाइट धरला, तर एका पटाला १० लाख बाइट लागतात आणि दोन पटांना २० लाख. एकाच पटावर काम केले तर दुसरे १० लाख वाचतात. पण ही जागा आधीपासून वाया जात होती, म्हणूनच वाचते. जुनी आणि नवी स्थिती मिळून माहिती दोन बिटांचीच आहे आणि तेवढी जागा कुठे ना कुठे लागतेच. घरे आधीच दाटीने, बाइटमागे आठ अशी भरलेली असतील, तर एक पट १ लाख २५ हजार बाइटांचा होतो आणि दोन पट अडीच लाखांचे. दोन-दोन बिटांची घरे करून एकाच पटावर काम केले, तरी अडीच लाखच लागतात. तिथे ही युक्ती काहीही वाचवत नाही.

दाटीने भरलेल्या पटावर जागा वाचवायची असेल, तर वेगळा मार्ग घ्यावा लागतो. घराचे शेजारी फक्त वरच्या, स्वतःच्या आणि खालच्या ओळीत असतात. ओळीओळीने खाली जाताना वरच्या आणि चालू ओळीची जुनी प्रत बाजूला ठेवली, तर पटावर बिनधास्त नवे लिहिता येते. जादा जागा दोन ओळींची लागते. मात्र इथे क्रमाचे बंधन परत येते. शिवाय पटाची वरची कड खालच्या कडेला जोडलेली असेल, तर पहिल्या ओळीची जुनी प्रत शेवटपर्यंत सांभाळावी लागते, कारण शेवटच्या ओळीला ती शेजारी म्हणून लागते. दोन बिटांच्या पद्धतीत कडा जोडलेल्या असल्या, तरी काही वेगळे करावे लागत नाही.

दोन बिटांच्या पद्धतीला वेळेची किंमत मोजावी लागते. बिट सरकवण्यासाठी दर पिढीला सगळ्या पटावरून दुसरी फेरी मारावी लागते. दोन पट असतील तर ‘जुना’ आणि ‘नवा’ ही नावे अदलाबदल केली, की काम होते. तीच सोय एका पटावरही आणता येते. एका पिढीत उजवा बिट जुना आणि डावा नवा मानायचा, पुढच्या पिढीत डावा जुना आणि उजवा नवा. मग काहीच सरकवावे लागत नाही:

```python
g[r][c] = (g[r][c] & old) | (new if alive else 0)
```

`alive` म्हणजे घर पुढच्या पिढीत जिवंत आहे का. `old` आणि `new` सुरुवातीला १ आणि २ असतात आणि दर पिढीनंतर त्यांची अदलाबदल होते. शेजारी मोजताना मूल्य थेट बेरजेत घ्यायचे नाही, `& old` करून उत्तर शून्य नाही एवढेच पाहायचे, कारण एक पिढीआड ते उत्तर २ येते. लिहिताना मरणाऱ्या घराचा नवा बिट आता मुद्दाम पुसावा लागतो, कारण तिथे दोन पिढ्यांपूर्वीची स्थिती उरलेली असते. वरच्या ओळीत जुना बिट तेवढा राखून बाकीचे पुसले आहे, ते यासाठीच. ते विसरले तर पूर्वी मेलेली घरे एक पिढीआड पुन्हा जिवंत दिसू लागतात. पट पडद्यावर दाखवतानाही कोणता बिट चालू पिढीचा आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावे लागते.

घरे बाइटमध्ये किंवा पूर्णांकात साठवलेली असतील आणि दुसऱ्या पटाला जागा नसेल, तर दोन बिटांची पद्धत सर्वांत सोपी आणि सुरक्षित आहे. मेमरी मुबलक असेल, तर दोन पट ठेवून त्यांची अदलाबदल करणेच बरे. घरे बिटाबिटाने दाटून भरलेली असतील, तर ओळींच्या प्रती ठेवण्याचा मार्ग घ्यावा.